अंगठ्याखालचं अक्षर

२०२१ च्या जुलैत पंचगंगेला पूर आला. पाणी उतरल्यावर उद्यमनगरातल्या माझ्या पॅनेलच्या वर्कशॉपमध्ये रोज चिखलानं भरलेले स्टार्टर यायला लागले. त्यातच एका गावच्या पाणीपुरवठा संस्थेचा फोन आला. नदीकाठच्या खोलीतलं २० एचपीच्या मोटारीचं स्टार-डेल्टा पॅनेल आठवडाभर पाण्यात होतं. आतलं काही कामाचं उरलं नव्हतं, जुनं बिल नव्हतं, सामानाची यादी नव्हती. गावातल्या म्हाताऱ्या वायरमननं वहीच्या मागच्या पानावर आठवून सर्किट काढलं होतं, त्याचा फोटो त्यांनी व्हॉट्सअॅपवर पाठवला. त्यावरून यादी करून द्यायची, म्हणजे बाजारातून सामान आणता येईल, एवढंच त्यांचं म्हणणं.

फोटो वाकडा होता आणि फ्लॅशमुळं मधोमध पांढरा डाग पडला होता. मी दुसरा मागवला. अंगणात, उन्हात सावली न पडू देता, एक पूर्ण पानाचा आणि चार कोपऱ्यांचे चार जवळून, आणि तेही डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितले, कारण साधा फोटो पाठवताना बारीक होतो आणि आकड्यांच्या कडा फुटतात. मग ते सगळे कागदावर छापून घेतले. मी पडद्यावर बघून यादी कधीच करत नाही. छापील कागदावर लाल पेन घेऊन बसतो, एकेका चिन्हाचा हिशेब लागला की त्यावर बरोबरची खूण करतो, आणि शेवटी खूण नसलेलं काय राहिलं ते बघतो.

नवीन मुलं यादी करताना चिन्हं मोजतात, आणि तिथंच चुकतात. या पानावर ‘स्टार’ हे नाव चार ठिकाणी होतं: वर पॉवरच्या भागात तीन मोठे काँटॅक्ट, खाली कंट्रोलमध्ये कॉइल, मेनच्या कॉइलच्या आधी एक एनओ, आणि डेल्टाच्या कॉइलच्या वाटेत एक एनसी. वस्तू मात्र एकच, काँटॅक्टर एक नग. म्हणून मी आधी नावानं गोळा करतो आणि प्रत्येक काँटॅक्टरच्या नावापुढं त्याचे एनओ-एनसी किती लागतात ते लिहितो. स्टारला एक एनओ, एक एनसी. डेल्टाला इंटरलॉकचा एक एनसी आणि चालू दाखवणाऱ्या दिव्यासाठी एक एनओ. मेनला होल्डिंगचा एक एनओ. हा हिशेब नसला तर यादी पुरी झाली असं वाटतं, आणि वायरिंगला बसल्यावर कळतं की आणलेल्या काँटॅक्टरला अंगचा एकच एनओ आहे. मग जोडायच्या ब्लॉकसाठी पुन्हा बाजार गाठावा लागतो. या पॅनेलला दोन ब्लॉक लागले, आणि ते चित्रात कुठंच दाखवलेले नव्हते.

आकडे वाचताना जास्त वेळ गेला. वायरमन काकांनी काही आकडे मराठीत काढले होते, काही इंग्रजीत. मराठी चार आणि इंग्रजी आठ हातानं काढले की एकसारखे दिसतात, इंग्रजी नऊ आणि मराठी एक यांचंही तसंच. मोटारीच्या वायरीपुढं मला आठ चौरस मिलिमीटर दिसत होतं. पण बाजारात अडीच, चार, सहा, दहा अशा मापाच्या वायरी मिळतात, आठची मिळत नाही. म्हणजे ते मराठी चार. आकडा माल मिळतो त्या मापात बसतो का, हे मी पहिल्यांदा बघतो, आणि त्यावर न थांबता भाराशी ताडून बघतो.

२० एचपी म्हणजे १५ किलोवॅट. ४१५ व्होल्टला ही मोटार पुऱ्या भारावर साधारण २८ अँपिअर घेते. पण काकांच्या चित्रात ओव्हरलोड रिले मेन काँटॅक्टरच्या खाली, मोटारीच्या वाइंडिंगकडं जाणाऱ्या तारांत होता. डेल्टात चालताना तिथून लाइनच्या ५८ टक्केच करंट जातो, म्हणजे १६ अँपिअरच्या आसपास. चित्रात मेन आणि डेल्टा १८ चे, स्टार १२ चा आणि रिले १४ ते २३ चा होता. सगळं जुळलं, आणि चार चौरस मिलिमीटरची वायरही त्याच हिशेबात बसली.

हे मी इतक्या बारकाईनं बघतो, त्याला कारण आहे. धंद्याच्या सुरुवातीला अशाच एका चित्रात रिलेचा आकडा पुसट होता. मी मोटारीच्या पाटीवर २८ वाचलं आणि २० ते ३३ चा रिले यादीत लिहून २८ वर लावून दिला. रिले मात्र वाइंडिंगच्या तारांत होता. पुढं पंपात गाळ अडकला आणि लाइनला ३८ अँपिअर ओढले जायला लागले. रिलेतून त्यातले २२ च जात होते, त्यामुळं तो ट्रिप झाला नाही, आणि मोटार जळाली. मी वाइंडिंगचा खर्च भरून दिला, पण ऐन उन्हाळ्यात त्या शेतकऱ्याचा ऊस पंधरा दिवस पाण्यावाचून राहिला, ते मला आजही टोचतं. तेव्हापासून माझ्या यादीत नग आणि रेटिंगच्या शेजारी ‘शंका’ नावाचा एक रकाना असतो. जे दिसत नाही ते मी तिथं लिहितो, अंदाजानं भरत नाही.

या वेळी त्या रकान्यात एकच गोष्ट उरली, आणि ती सगळ्यात मोठी होती. कंट्रोलची वरची तार आर फेजवरून निघत होती. ती खाली कुठं संपते, तिथं फोटो काढणाऱ्याचा अंगठा आला होता. तिथं ‘एन’ असेल तर न्यूट्रल, म्हणजे कॉइल २४० व्होल्टची. ‘बी’ असेल तर दुसरा फेज, म्हणजे ४१५ ची. एका अक्षरावर तीन काँटॅक्टर, टायमर आणि दिवे अशा सगळ्या वस्तू बदलणार होत्या. ४१५ वर २४० ची कॉइल लावली तर ती थोड्याच वेळात जळते. उलट केलं तर काँटॅक्टर ओढतच नाही, नुसता घुमतो.

चित्रात एक खूण होती. कंट्रोलच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही तारांत फ्यूज काढला होता. न्यूट्रलच्या तारेत कुणी फ्यूज घालत नाही, म्हणजे दोन फेज असणार. तरी मी काकांना फोन लावला.

“काका, कंट्रोलची खालची तार कशावर घेतलीया?”

“बीवर. न्यूट्रल कुठला रं नदीला? तीनच तारा येत्यात खांबावरनं.”

मी रकान्यातली नोंद खोडली आणि प्रत्येक काँटॅक्टरपुढं, टायमरपुढं आणि दिव्यांपुढं ४१५ लिहिलं. मोटारीकडं जाणाऱ्या तारांसाठी काकांनी एकच रेघ काढून, तिला तिरकी काट देऊन, शेजारी सहा लिहिलं होतं. म्हणजे वायरी सहा, आणि दोन्ही टोकांना मिळून लग बारा. हे चिन्हात नसतं, रेघेवरच्या आकड्यात असतं, म्हणून लगचा नग मी नेहमी शेवटी, रेघा बघून लिहितो.

दोन दिवसांनी संस्थेचा पोरगा सामान घेऊन आला. मी यादी पुढं ठेवून एकेक खोकं उघडलं. १८ चे दोन काँटॅक्टर, खोकी सारखी, बाहेरचं नावही सारखं. कॉइलच्या ए१-ए२ स्क्रूंजवळचा बारीक आकडा मी बॅटरी लावून वाचला. एकावर ४१५ होतं, दुसऱ्यावर २४०. ते खोकं आणि यादीचा कागद दोन्ही मी त्याच्या हातात दिले, आणि तो परत बाजारात गेला.