आठ पूर्णविराम

कोकणातल्या पाणीटंचाईवरचा लेख दिवाळी अंकाच्या संपादिकेकडे आला, तेव्हा त्यात खोडण्यासारखे एकही विधान नव्हते. लेखक भूगोलाचे निवृत्त शिक्षक, आकडे तपासून लिहिणारे. तरीही पहिल्याच पानावर बाईंची पेन्सिल अडली. परिच्छेद असा होता:

"कोकणात ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरी मे महिन्यात टँकर येतात. जांभा सच्छिद्र आहे. पाणी लगेच मुरते. डोंगरउतार तीव्र आहे. नद्या आखूड आहेत. पाणी समुद्राला मिळते. विहिरी आटतात."

बाईंनी समासात प्रत्येक वाक्याचे शब्द मोजून लिहिले: ६, ५, ३, ३, ३, ३, ३, २. मग परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. 'एका वाक्यात उत्तरे लिहा' या प्रश्नाची वही तपासल्यासारखे वाटले, हे सरांनीच हसत कबूल केले. "पण मॅडम, छोटी वाक्ये लिहा म्हणजे चूक कमी होते, असे मी पोरांना आयुष्यभर सांगत आलो."

परीक्षेपुरते ते खरेच आहे. लेखात मात्र आठही वाक्ये एकाच वजनाची झाली, की कारण कोणते आणि परिणाम कोणता हे वाचकाला कळेनासे होते. त्यात मराठीचे क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. जुन्या मोडी कागदांत पूर्णविराम नसे. वाक्य कुठे संपले ते वाचणारा क्रियापदावरूनच ओळखे. म्हणजे 'आहे' आले की कानाला थांबा मिळतोच, वर टिंबही पडते, आणि तीन-तीन शब्दांनी असे होत राहिले की मजकूर ठेचकाळत चालतो.

सरांनी पहिली दुरुस्ती चटकन केली. "जांभा सच्छिद्र आहे आणि पाणी लगेच मुरते आणि डोंगरउतार तीव्र आहे..." वाक्य लांबले, पण युक्तिवाद होता तिथेच राहिला. 'आणि' हा शब्द फार सोशीक. कशालाही कशाशीही बांधून घेतो.

मग बाईंनी एकेका टिंबावर पेन्सिल ठेवून विचारायला सुरुवात केली: "इथे काय येईल सर, 'म्हणून', 'तरी' की 'कारण'?" पाणी लगेच मुरते, म्हणून विहिरी आटतात, असे सर म्हणाले आणि स्वतःच थबकले. मुरलेले पाणी तर विहिरीतच यायला हवे! उत्तर त्यांना ठाऊक होते. सड्यावरच्या जांभ्याखाली बहुतेक ठिकाणी चिकणमातीचा थर असतो. त्यातून पाणी सहज खाली जात नाही; ते बाजूला सरकून डोंगराच्या कडेला झऱ्यांवाटे निघून जाते आणि पावसाळा सरला की वरच्या विहिरींची पातळी झपाट्याने उतरते. ही शाळेत शिकवलेली गोष्ट लेखात मात्र आलीच नव्हती, कारण 'मुरते' आणि 'आटतात' यांच्यामध्ये टिंबे होती आणि टिंब कधी कारण विचारत नाही.

दोघांनी मिळून परिच्छेद नव्याने लिहिला:

"कोकणात ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही मे महिन्यात टँकर येतात. सड्यावर पडलेले पाणी सच्छिद्र जांभ्यातून झपाट्याने खाली उतरते खरे, पण त्याखालच्या चिकणमातीच्या थरापाशी अडून ते आडवे सरकते, डोंगराच्या कडेला झरे होऊन बाहेर पडते आणि आखूड, तीव्र उताराच्या नद्यांतून पाहता पाहता समुद्राला मिळते. विहिरी आटतात."

इथे 'पडूनही' या एका रूपाने 'तरी'चे काम केले. 'अडून', 'होऊन' यांनी वाक्य न संपवता घटनांचा क्रम लावला. 'खरे, पण'ने वाचकाच्या मनात येणारी शंका तिथल्या तिथे उचलली. मधला 'ते' बाईंनी मुद्दाम घातला. एवढ्या लांबीत कर्ता हातातून निसटतो आणि काय सरकते आहे हे शोधायला वाचकाला मागे जावे लागते. सरांना विहिरीही त्याच वाक्यात घ्यायच्या होत्या. बाईंनी नकार दिला. वाचताना दम समुद्रापर्यंतच पुरतो, आणि सगळी कारणे मांडून झाल्यावर येणारे ते दोन शब्द आता पहिल्यासारखे पोकळ वाजत नाहीत.

लेखाच्या शेवटी वनराई बंधारा कसा घालावा याची कृती होती: सिमेंटच्या रिकाम्या गोण्या घ्याव्या. माती भरावी. तोंडे शिवावी. तिथे बाईंनी पेन्सिल लावली नाही. हाताने करायच्या कामाला तुटक वाक्येच बरी.

पहिल्या परिच्छेदाची आठ वाक्ये होती, तिथे तीन राहिली. शब्द मात्र २८चे ४४ झाले, आणि नव्या शब्दांतले १३ त्या चिकणमातीचे आणि झऱ्यांचे होते.