एक बाथ कितीला पडला?

बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर सामान ताब्यात आलं की समोरच्या चलनबदलीच्या काउंटरांकडे ढुंकूनही बघू नका. सरकत्या जिन्यानं खाली उतरत राहा, अगदी तळघरापर्यंत, जिथून शहरात जाणारी रेल्वे सुटते. तिथे चलन बदलणारी छोटी छोटी काउंटरं दाटीवाटीनं उभी आहेत, आणि तुमच्या हातातल्या त्याच शंभर डॉलरच्या नोटेला तिथे वरच्यापेक्षा कितीतरी जास्त बाथ मिळतात. एकाच इमारतीत! आम्ही वर २९.९० चा फलक बघितला आणि खाली आलो तर ३१.८०! मी नवऱ्याचा दंडच पकडला. तीनशे डॉलरमागे जवळजवळ पावणेसहाशे बाथचा फरक, म्हणजे दोघांचं एक साग्रसंगीत जेवण, आणि त्यासाठी करायचं काय, तर फक्त जिना उतरायचा.

त्या क्षणापासून मला एका आकड्यानं झपाटलंय: हातात पडलेला प्रत्येक बाथ मला नक्की किती रुपयांना पडला? कमिशन शून्य आहे का, फी किती, कार्ड कुठलं, हे सगळं बाजूला ठेवायचं. घरातून एकूण किती रुपये गेले ते बघायचं आणि हातात आलेल्या बाथनं भागायचं. बस्स! या एका भागाकारापुढे रोकड, फॉरेक्स कार्ड, बँकेचं कार्ड सगळे एका रांगेत उभे राहतात आणि कोण किती खातोय ते उघडं पडतं. ‘झिरो कमिशन’ ही पाटी तर या भागाकारापुढे एक क्षण टिकत नाही, कारण तिथे कमाई घेण्याच्या आणि विकण्याच्या भावातल्या फरकात लपलेली असते.

हिशेब सोपा जावा म्हणून भाव थोडे गोल करून सांगते. समजा बाजारात डॉलर ९० रुपयांना आहे आणि एका डॉलरचे ३२ बाथ होतात. म्हणजे खरा बाथ २ रुपये ८१ पैशांचा. हा मधला भाव कुणालाच मिळत नाही, पण मोजपट्टी म्हणून तोच हवा. गूगलवर दिसतो तो साधारण हाच.

आता मजा बघा. पुण्यात थेट बाथ विकत घ्यायला गेलो तर भाव सांगितला तीन रुपये. उलट आपले रुपयेच खिशात घालून बँकॉकला गेलात (नियमानं भारताबाहेर माणशी २५ हजारांपर्यंतच नेता येतात), तर तिथेही बाथ तीनच्या पुढेच पडतो. आणि मध्ये डॉलर घातला की? कॅम्पातल्या मनी चेंजरनं आम्हाला ९१ नं डॉलर दिला. तीनशे डॉलरचे २७,३००, त्यावर ४९ रुपये जीएसटी, एकूण २७,३४९. तळघरात ३१.८० नं त्याचे ९,५४० बाथ आले. करा भागाकार: २ रुपये ८७ पैसे! पैसे दोनदा बदलले आणि तरीही एकदा बदलण्यापेक्षा स्वस्त पडले! मला हे आधी पटेना. मी कागदावर पुन्हा पुन्हा मांडून बघितलं.

कारण इतकं सरळ आहे की कळल्यावर आनंदच होतो. पुण्यात डॉलरच्या नोटा रोज येतात आणि रोज जातात, म्हणून विकणारा थोडक्या नफ्यावर खूश असतो. बँकॉकमध्येही तसंच. बाथच्या नोटा मात्र पुण्यात क्वचित येतात, मागवाव्या लागतात, पडून राहतात, आणि त्या पडून राहण्याचं मोल भावात बसतं. रुपयाची बँकॉकमध्ये तीच गत. जिथे ज्या नोटेची वर्दळ, तिथे तिचा भाव चांगला. हेच दुबईला, युरोपला जाताना वेगळं निघतं, कारण दिरहम आणि युरो आपल्याकडेच मुबलक मिळतात. तिथे मध्ये डॉलर घुसवणं म्हणजे उगाच दोनदा कापून घेणं.

पुण्याच्या काउंटरवरच्या काकांनी एक प्रश्न विचारला होता. “मॅडम, शंभराच्या देऊ की सुट्ट्या?” सुट्ट्या बऱ्या पडतील असं वाटणं साहजिक आहे. पण काकाच म्हणाले, “थायलंडला ना? मग शंभराच्याच घ्या, आणि कोऱ्या घ्या.” त्याचा अर्थ मला बँकॉकच्या फलकासमोर उमगला. तिथे डॉलरची एक ओळ नसते, तीन-चार असतात! सगळ्यात वर USD 100, मग USD 50, मग वीस-दहाच्या, तळाला पाच आणि एकच्या, आणि प्रत्येक पायरीला भाव खाली. डॉलर तोच, पण नोट जितकी लहान तितके बाथ कमी. आमच्या पुढच्या गृहस्थांनी नोटांची चळत सरकवली, तर काचेपलीकडच्या मुलीनं एकेक नोट उजेडाला धरली, अंगठ्यानं कडा चाचपल्या आणि पेनानं काहीतरी लिहिलेली एक नोट हळूच परत सरकवली. मग पासपोर्ट मागितला. म्हणून नोटा पुण्यातच तपासून घ्यायच्या. शिक्का, शाई, फाटका कोपरा दिसला की तिथल्या तिथे नोट बदलून मागायची. आणि पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून चलन बदलायला जायचं नाही.

चलन बदलण्यासाठी सुपररिच हे नाव तिथे सगळ्यांच्या तोंडी आहे. नारिंगी पाटीचं सुपररिच वेगळं आणि हिरव्या पाटीचं वेगळं, दोन्ही शहरातही आहेत. रात्री उशिरा उतरणार असाल तर मात्र जपून, सगळी काउंटरं रात्रभर उघडी नसतात. अशा वेळी वरच्या मजल्यावर टॅक्सीपुरती शंभराची एकच नोट बदलावी आणि बाकीच्या सकाळी शहरात.

एटीएमकडे वळले तेव्हा तर डोळेच विस्फारले. थायलंडमधली एटीएमं परदेशी कार्डावर दर वेळी ठरावीक फी घेतात, बहुतेक ठिकाणी २२० बाथ किंवा त्याहून जास्त, तुम्ही कितीही काढा. त्यावर आपल्या बँकेचा साडेतीन टक्के मार्कअप, मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, आणि परदेशात पैसे काढल्याचे समजा दीडशे रुपये, तेही जीएसटीसह. दहा हजार बाथ काढले तर हे सगळं धरून बाथ साधारण ३ रुपये २ पैशांना पडतो. वाईट, पण निभावेल. आणि “लागतील तसे काढू” म्हणून दोन हजारच काढले तर? ३ रुपये ३५ पैसे! मधल्या भावापेक्षा १९ टक्के महाग! ठरावीक फी लहान रकमेवर पडली की कंबरडंच मोडते. काढायचेच तर एकदाच मोठी रक्कम काढायची. आणि क्रेडिट कार्डानं तर नाहीच, त्यावर काढलेल्या रोकडीला पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

पण सगळ्यात थरारक शोध लागला तो पडद्यावरच्या एका प्रश्नाचा. पैसे काढताना एटीएम मध्येच थांबतं आणि विचारतं, रक्कम रुपयांत वळवून देऊ का? खाली रुपयांतला आकडा, भाव, सगळं अगदी पारदर्शक, आणि दोन पर्याय. एक स्वीकारण्याचा, दुसरा Decline conversion किंवा Continue without conversion अशा शब्दांतला. ‘डिक्लाइन’ वाचून वाटतं की व्यवहारच रद्द होईल. नाही होत! तेच दाबायचं! पैसे येतात, बाथमध्ये नोंद होते आणि रूपांतर व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या भावानं होतं, जो मधल्या भावाला अगदी चिकटून असतो.

दुकानात, हॉटेलात हाच प्रश्न स्वाइप मशीनवर येतो: THB की INR? आमच्या हॉटेलचं बिल ६,००० बाथ. स्वागतकक्षातल्या मुलीनं आपणहून INR दाबलं आणि चिठ्ठी पुढे केली: १८,०६० रुपये. मी तिथल्या तिथे भागाकार केला, ३ रुपये १ पैसा. मी हसून म्हटलं, “थाय बाथ, प्लीज.” तिनं कुरकूर न करता व्यवहार रद्द केला आणि पुन्हा स्वाइप केलं. मार्कअप न घेणारं कार्ड होतं, त्यामुळे खात्यातून गेले १६,९२० रुपये. एका बटणाचे १,१४० रुपये! बरं, साडेतीन टक्के मार्कअपवालं कार्ड असतं तर बाथमध्ये सुमारे १७,६२० गेले असते, म्हणजे फरक कमी, पण फायदा तरीही बाथमध्येच. शिवाय कितीतरी बँका परदेशी दुकानातल्या रुपयांतल्या व्यवहारावरही वेगळा आकार लावतात, तेव्हा INR म्हणजे दुहेरी कात्री. सही करण्याआधी चिठ्ठीवर बाथचाच आकडा आहे ना, एवढं बघायचंच.

मग फॉरेक्स कार्ड? याच्या बाबतीत एकच गोष्ट विचारा: कार्डात भरलेलं चलन आणि दुकानातलं चलन एकच आहे का? एकच असेल तर भरताना ठरलेला भाव पक्का, पुढे रुपया घसरला तरी तुम्हाला काही नाही. पण कार्डात डॉलर भरून बाथमध्ये खर्च केला की प्रत्येक खरेदीवर चलन ओलांडण्याचा आकार लागतो, बहुतेक कार्डांवर साडेतीन टक्क्यांच्या आसपास. डॉलरच्या नोटा घेऊन जाणं थायलंडला सोन्यासारखं, आणि डॉलर भरलेलं कार्ड तिथेच महागडं! अमेरिकेला मात्र तेच कार्ड झकास.

तेव्हा आता आमची थायलंडची मांडणी ठरली: रस्त्यावरच्या गाड्या, बाजार, टुकटुक यांसाठी शंभर डॉलरच्या नोटा बदलून घेतलेले बाथ, हॉटेल आणि मोठ्या दुकानांसाठी बिनमार्कअपचं कार्ड (काही दुकानं कार्डावर वर तीन टक्के मागतात, ते आधी विचारायचं), आणि अडीअडचणीला एक दुसरं कार्ड वेगळ्या बॅगेत. डॉलर घेताना ५० हजार रुपयांवर गेलात तर पैसे चेकनं किंवा खात्यातून द्यावे लागतात, आणि नोटांच्या रूपात एका प्रवासाला ३,००० डॉलरची मर्यादा आहे. दोघांना एवढे लागतही नाहीत.

शेवटच्या दिवसासाठीही एक युक्ती सापडली. नाणी कुठलंच काउंटर घेत नाही, आणि उरलेल्या नोटा पुण्यात विकायला गेलात तर पुन्हा त्या क्वचित येणाऱ्या बाथचा पडेल भाव. म्हणून हॉटेल सोडताना उरलेली सगळी रोकड, नाण्यांसकट, काउंटरवर मोजून द्यायची आणि म्हणायचं, एवढे यातून घ्या आणि बाकीचे कार्डावर, बाथमध्ये. आमचे ७४३ बाथ त्यांनी आनंदानं घेतले, स्टेशनला जायचे पैसे तेवढे आम्ही बाजूला काढून ठेवले होते.