व्हेंडर सोडताना

सहकारी बँकेचा कोअर बँकिंगचा करार तपासायला आला की मी आधी शेवटची पानं उघडतो. तिथे बहुतेकदा एकच ओळ असते: करार संपल्यावर पुरवठादार वाजवी सहकार्य करील. या ओळीच्या जोरावर बँकेच्या हाती फारसं काही लागत नाही. जाणारा व्हेंडर हार्डडिस्कवर डेटाबेसची फाइल टाकतो, पोच घेतो आणि म्हणतो, झालं सहकार्य.

समजा, एका नागरी बँकेच्या 400 कोटींच्या मुदत ठेवी आहेत. व्याज 7 टक्के, तिमाही चक्रवाढ. 30 जूनला व्याज जमा झालं आणि 15 ऑगस्टला नवी प्रणाली सुरू करायची आहे. फाइलमध्ये मुद्दल आहे, मुदतीची तारीख आहे, बेरीज ट्रायल बॅलन्सशी जुळते. पण शेवटचं व्याज कधी जमा झालं, ती तारीख ज्या रकान्यात आहे त्याचं नाव FLD_27. नव्या व्हेंडरला त्यावरून काय कळणार? तो 15 ऑगस्टपासून व्याज मोजू लागतो. मधल्या 46 दिवसांचे लाखामागे साधारण 882 रुपये, म्हणजे एकूण साडेतीन कोटींचं देणं हिशेबातून गळतं. मुद्दल जुळल्यामुळे त्या रात्री सगळे निर्धास्त घरी जातात. सप्टेंबरअखेर ठेवीदार पासबुक घेऊन काउंटरवर येतात, तेव्हा घोळ उघडा पडतो.

म्हणून ‘डेटा परत द्यावा’ एवढं लिहून भागत नाही. प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारी डेटा डिक्शनरी करारातच मागावी. शिवाय वर्षातून एकदा पूर्ण डेटा काढून दुसऱ्या यंत्रणेवर चढवायचा आणि मुद्दलासोबत आजवरचं व्याज, तारणाच्या नोंदी, सह्यांचे नमुने ताडून पाहायचे. ही रंगीत तालीम व्हेंडरला नको असते. मी मात्र तिच्यावर अडून बसतो.

दुसरा अडसर बिलाचा. ताटातूट बहुधा भांडूनच होते आणि थकलेल्या बिलासाठी डेटा अडवला जातो. वाद लवादाकडे जाईल, पण हस्तांतर थांबणार नाही, असं स्पष्ट लिहून घ्यावं. चालू सेवा जुन्याच दराने सहा महिने, लागल्यास आणखी तीन. जादा कामाचे दर करारालाच जोडलेले. व्हेंडर त्या काळाचे पैसे महिन्याच्या महिन्याला आगाऊ मागतो, ते मला रास्त वाटतं.

रिझर्व्ह बँकेने 10 एप्रिल 2023 च्या निर्देशांत हस्तांतराच्या काळात डेटा पुसण्यास वा बदलण्यास मनाई करणारी अट करारात घालायला सांगितली. नागरी बँकांपैकी पहिल्या दोन स्तरांतल्या छोट्या बँका मात्र त्यातून वगळल्या होत्या. वकील आणि तंत्रज्ञ पदरी नसणाऱ्या नेमक्या याच.

अशा बँकेचे आपण संचालक असाल, तर नूतनीकरणाच्या सहीआधी ही कलमं मागा. सही झाल्यावर ती द्यायला व्हेंडरला काहीच कारण उरत नाही.