सात तिकिटांचा हिशेब

भाचीच्या निकाहाला रत्नागिरीहून ठाण्याला जायचं म्हणून आम्ही मांडवी एक्स्प्रेसची सात तिकिटं एकाच रात्री काढली. सकाळी पाहतो तो तिकिटांचं खातंच बंद! आम्ही दलाल असल्याचा संशय. परतीची तिकिटं तर अजून काढायची होती.

अब्बा म्हणाले, "रागावू नका, हिशेब मांडा."

आम्ही प्रत्येक प्रवाशाच्या नावापुढे नातं लिहिलं, रेशनकार्ड आणि निकाहाची पत्रिका जोडली. सगळे पैसे आमच्याच बँक खात्यातून गेल्याचा उतारा लावला आणि ईमेल केला. एका तिकिटावर शेजारच्या चाची होत्या, तेही लपवलं नाही. आप्तांसाठी, शेजाऱ्यांसाठी तिकीट काढणं गुन्हा नाही. परवान्याशिवाय तिकिटांचा धंदा करणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४३ खाली गुन्हा आहे. चाचींनी भाड्यावर दिलेले पन्नास रुपये आम्ही तेव्हाच परत केले होते, ते किती बरं झालं!

चौथ्या दिवशी खातं उघडलं. आधार जोडलेलं असेल तर महिन्याला २४, नसेल तर १२ तिकिटं, ही मर्यादा आता आमच्या कॅलेंडरवर लिहिलेली आहे.