रोखेच का जाळले?

आज भाचीचा १८७५च्या दख्खन दंग्यांवरचा निबंध वाचला. आतला मजकूर कसदार, पण सुरुवात अशी: 'भारत हा प्राचीन काळापासून कृषिप्रधान देश आहे.' हे वाक्य कोणत्याही निबंधाला चालेल, म्हणून इथे ते नकोच. दंगे जिथे सुरू झाले, त्या सुप्याचं नाव त्याखालच्या चार ओळींतही नाही.

मी तिला विचारलं, "तुला नेमकं काय कोडं पडलंय?" ती पटकन म्हणाली, "मामा, लोकांनी सावकारांना फारसं मारलं नाही, कर्जरोखेच का जाळले?" मग आम्ही हाच प्रश्न पहिल्या वाक्यात घेतला: 'मे १८७५मध्ये सुप्यात शेतकऱ्यांचा रोख माणसांपेक्षा कर्जरोख्यांवर का होता?'

उत्तराला वेळ लागला. तिचं पहिलं वाक्य होतं, 'याला अनेक कारणे होती.' यात दावाच नाही. त्याला कुणी नाही म्हणूच शकत नाही. खोडून लिहिलं: 'कापसाचे भाव पडले आणि सारा वाढला, त्यातून कर्ज वाढले, पण रोख्याला खरी ताकद दिली ती कोर्टाने.' यावर वाद घालता येतो, म्हणून हे चांगलं.

शेवटी मांडणी: 'आधी भाव आणि सारा, मग १८५९च्या मुदतीच्या कायद्यामुळे दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा कसा होई ते, आणि अखेरीस दंग्यातील वर्तन पाहू.' हे लिहिताना तिच्याच लक्षात आलं, की निबंधात कायद्याचा भाग सगळ्यात शेवटी, घाईत उरकलाय. उद्या तो परिच्छेद वर घेणार आहे.