अर्ध्या कामाची चिठ्ठी

शाळेची शेवटची घंटा पाच वाजता होते. पाच मिनिटांत मुले पांगतात, पटांगण मोकळे होते. पण शिक्षकाचा दिवस घंटेबरोबर संपत नाही. तपासायचे राहिलेले पेपर, कार्यालयाने मागितलेली माहिती, तीन दिवस गैरहजर असलेला मुलगा, हे सगळे आपल्याबरोबर बसमध्ये चढते, घरी येते आणि दस्तरखानावरही बसते. समोर आई काही सांगत असते आणि आपण "हां, हां" म्हणत असतो. आई ओळखते. "तू अजून शाळेतच आहेस," म्हणते.

आपण समजतो, काम फार आहे म्हणून असे होते. काम फार आहे हे खरेच. पण काम जास्त असणे वेगळे आणि काम डोक्यात घोळत राहणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीवर इलाज आहे. तो शाळेतून निघण्यापूर्वीच्या पंधरा मिनिटांत करायचा असतो.

बी.एड.ला कुर्ट लेविन यांचा क्षेत्र सिद्धान्त आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. त्यांची एक विद्यार्थिनी होती, ब्लुमा झायगार्निक. बर्लिनमध्ये तिने लोकांना वीस-एक छोटी कामे दिली आणि त्यांतली निम्मी मध्येच थांबवली. नंतर विचारले तेव्हा लोकांना पुरी झालेल्या कामांपेक्षा अर्धवट राहिलेली कामे अधिक आठवली. हा शोधनिबंध १९२७ सालचा. पुढे इतरांनी हेच प्रयोग करून पाहिले तेव्हा आठवणीबाबतचा निष्कर्ष प्रत्येक वेळी तसाच आला नाही. मात्र अर्धवट टाकलेल्या कामाकडे माणूस पुन्हा पुन्हा वळू पाहतो, ही गोष्ट टिकून राहिली.

मग काम पुरे केल्याशिवाय सुटका नाही काय? आहे. २०११ साली मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी दाखवले की मनाला काम पुरे झालेलेच हवे असते असे नाही. ज्यांना आपली राहिलेली कामे फक्त आठवायला लावली, त्यांचे लक्ष पुढ्यातल्या कादंबरीवरून उडत राहिले. ज्यांनी ते काम केव्हा आणि कसे करायचे हे नेमके ठरवले, त्यांचा त्रास बराच कमी झाला. त्यांचेही काम तसेच पडून होते, फक्त त्याची पुढची पायरी ठरली होती.

हे वाचले तेव्हा मला अब्बांचे शिलाईचे दुकान आठवले. ईदच्या आधी दुकानात तीस-चाळीस कपडे अर्धवट पडलेले असत. रात्री शटर ओढण्यापूर्वी अब्बा प्रत्येक कपड्याला टाचणीने एक चिठ्ठी लावत. त्यावर गिऱ्हाइकाचे नाव असेच. पण खाली "कॉलर बाकी", "काज-बटण", "तुरपाई, बुधवारी द्यायचा" असेही लिहिलेले असे. सकाळी कारागीर येई, चिठ्ठी वाची आणि कोणाला काही न विचारता मशीनवर बसे. अब्बा म्हणत, "आधा काम बुरा नइं, बिनचिठ्ठी का काम बुरा." वर सांगितलेल्या संशोधनाचे सार एवढेच आहे.

आता शाळेतली माझी पद्धत सांगते. शंभर पानी एक साधी वही आहे. आम्हा उर्दू माध्यमवाल्यांना वही दोन्ही बाजूंनी उघडायची सवय असते. मराठीची डावीकडून, उर्दूची उजवीकडून. त्याचाच उपयोग करून घेतला आहे. मराठीच्या बाजूने मी स्वतः करायची कामे लिहिते. उर्दूच्या बाजूने दुसऱ्याकडे अडकलेली कामे, म्हणजे ज्यांत मला फक्त वाट पाहायची किंवा आठवण द्यायची आहे. या दोन गोष्टी एका पानावर आल्या की यादी उगाच लांबते आणि तिची धास्ती वाटू लागते.

पहिली पाच मिनिटे गोळा करण्याची. चार जागा ठरलेल्या आहेत आणि क्रम रोज तोच. आधी टेबल आणि पर्स. त्यांतल्या चिठ्ठ्या, अर्ज, पालकांनी दिलेले कागद. मग फोन, शाळेच्या ग्रुपवर आलेल्या सूचना आणि "नंतर बघू" म्हणून सोडलेले निरोप. मग हजेरीपट आणि पाठ टाचण. कोण आले नाही, कोणता धडा अर्ध्यावर थांबला. शेवटी डोके. पेन हातात धरून दोन मिनिटे शांत बसायचे आणि जे वर येईल ते लिहायचे, मग ते गॅस सिलिंडर का असेना. डोके शेवटी ठेवण्याचे कारण असे की बाकीच्या तीन जागा रिकाम्या झाल्यावर आत खरोखर काय उरले आहे ते दिसते.

पुढची सात-आठ मिनिटे प्रत्येक नोंदीला चिठ्ठी लावण्याची. परवाच्या गुरुवारचेच पाहा. नऊ नोंदी निघाल्या, त्यांतल्या तीन सांगते.

पहिली, नववीचे इतिहासाचे पेपर. ४२ पैकी १७ तपासून झाले होते. "पेपर तपासणे" असे लिहिले तर ती नुसती काळजी झाली. मी लिहिले: "शुक्रवार, तिसरा तास मोकळा, स्टाफरूम, पेपर १८ ते ३० तपासणे." उरलेले बारा शनिवारच्या पानावर गेले.

दुसरी, तीन दिवस गैरहजर असलेला मुलगा. घरी फोन करायला दोन मिनिटे लागतात, म्हणून तो वहीत न चढवता तिथेच केला. मुलगा तापाने आजारी होता, सोमवारी येणार होता. एवढ्या छोट्या कामाला चिठ्ठी लिहिण्यापेक्षा टाका घालून मोकळे व्हावे. पण दोन मिनिटांची अशी कामे तीनापेक्षा जास्त घ्यायची नाहीत, नाहीतर पंधरा मिनिटांचा तास होतो.

तिसरी नोंद दहावीतल्या एका मुलीच्या नावाची, आणि हीच सगळ्यांत महत्त्वाची होती. परीक्षा मंडळाकडून आलेल्या प्री-लिस्टमधली नावे तपासायची होती. तिचे आडनाव शेख. आधार कार्डावर ते इंग्रजीत "ए-आय"ने लिहिलेले आणि यादीत "ई-ई"ने. आपल्याकडे हे घरोघरी आहे. एकाच घरात बापाचे स्पेलिंग एक आणि मुलीचे दुसरे. पण दहावीच्या प्रमाणपत्रावर नाव एकदा छापले की पुढे प्रवेश, पासपोर्ट, नोकरी प्रत्येक ठिकाणी तेच नाव विचारले जाते, आणि ते बदलून घेणे फार दगदगीचे असते. यादी सोमवारी परत जायची होती.

"मुलीचे नाव" असे दोन शब्द लिहून ठेवले असते तर रात्रभर ते नावच डोक्यात फिरले असते. म्हणून ते काम पायऱ्यांनी उकलले. प्रमाणपत्रावरचे नाव शाळेच्या जनरल रजिस्टरशी जुळायला हवे, तेव्हा पहिली पायरी ते पान पाहण्याची. मराठीच्या बाजूला लिहिले: "शुक्रवार, मधली सुट्टी, कार्यालयात जनरल रजिस्टरमध्ये तिची नोंद पाहणे." उर्दूच्या बाजूला लिहिले: "वडिलांकडून जन्मदाखल्याची झेरॉक्स, मुलीकडे निरोप दिला, आली नाही तर शनिवारी सकाळी फोन." मुलगी अजून फाटकापाशी होती, तिला लगेच सांगितले. काम काहीच झाले नव्हते, पण ते आता कुणाकडे आणि केव्हापर्यंत आहे हे कागदावर होते. शुक्रवारी रजिस्टर पाहिले, त्यात "ए-आय" होते. शनिवारी दाखला आला, तोही जुळला. सोमवारी दुरुस्ती करून यादी गेली.

शेवटची दोन मिनिटे उद्याच्या पानाची. वेळापत्रक समोर ठेवून मोकळे तास मोजायचे आणि त्यांत मावतील तेवढीच कामे उद्यावर ठेवायची. मला रोज दोन मोकळे तास असतात आणि त्यांतला एक बऱ्याचदा बदली तासात जातो. म्हणून माझ्या पानावर पाच-सहाच्या वर कामे नसतात. बाकीच्यांना पुढची तारीख मिळते. मग खाली रेघ मारून तारीख घालते आणि वही ड्रॉवरमध्ये ठेवते. घरी नेत नाही. रात्री काही आठवलेच तर फोनमध्ये एक ओळ लिहून ठेवते. उद्या फोनची पाळी आली की ती सापडतेच.

ही यादी बिघडली आहे हे कसे ओळखावे? एक खूण अशी की नोंदीत क्रियापद नसते. "प्रदर्शन", "ग्रंथालय" असे नुसते नाव असेल तर सकाळी ते वाचून पुन्हा विचार करावा लागतो, म्हणजे काल विचार पुरा झालाच नव्हता. दुसरी खूण, एकच नोंद तीन दिवस पुढे उतरवली जाते. तेव्हा ते काम फार मोठे आहे आणि तोडायला हवे, किंवा ते आपले नाहीच, किंवा ते आपण करणार नाही आहोत. तिसऱ्या दिवशी या तिन्हींपैकी एक ठरवावे. चौथ्यांदा उतरवू नये.

झोपेबद्दलही एक प्रयोग आहे. २०१८ साली अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या संशोधकांनी ५७ तरुणांना झोपण्यापूर्वी पाच मिनिटे लिहायला सांगितले. निम्म्यांनी झालेली कामे लिहिली, निम्म्यांनी पुढे करायची. पुढची कामे लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ-एक मिनिटे लवकर झोप लागली, आणि ज्यांची यादी अधिक नेमकी होती त्यांना आणखी लवकर. प्रयोग एका रात्रीचा आणि लहान आहे, त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण नेमकेपणाचा मुद्दा इथेही तोच निघाला.

या वहीने काम कमी होत नाही, हेही सांगितले पाहिजे. एका शिक्षकावर तिघांचा भार असेल तर तिघांची यादी फक्त नीट लिहिलेली दिसेल. तसेच आजारपण, घरातले भांडण, पोराच्या भविष्याची धास्ती यांना "उद्या, तिसरा तास" अशी चिठ्ठी लागत नाही. दवाखान्यात नंबर लावणे वहीत लिहिता येते, त्यामागची भीती लिहिता येत नाही. आणि वही सकाळी उघडली जाणार याची मनाला खात्री हवी. दोन दिवस ती उघडली नाही की मन पुन्हा स्वतःच पहारा देऊ लागते. म्हणून सकाळी हजेरी घेण्याआधी मी वही उघडते, कालची रेघ पाहते आणि तिच्या खालचे पहिले काम हातात घेते.