सहा म्हणजे फर्स्ट क्लास

ग्राहक-समाधानाच्या असाइनमेंटसाठी मी दोन खाणावळींत 50-50 जणांना एकच प्रश्न विचारला: ही खाणावळ मित्राला सुचवाल का? 0 ते 10 गुण द्या. 9-10 देणारे प्रमोटर, 7-8 वाले तटस्थ, 0 ते 6 वाले नाराज. प्रमोटरांच्या टक्क्यांतून नाराजांचे टक्के वजा केले की नेट प्रमोटर स्कोअर.

पहिलीत 10 प्रमोटर, 40 तटस्थ. 20 वजा 0, म्हणजे 20. दुसरीत 30 प्रमोटर, 20 नाराज. 60 वजा 40, पुन्हा 20. मी लिहून मोकळा झालो: दोन्ही सारख्याच. एकीकडे कुणीच नाराज नव्हतं आणि दुसरीकडे पाचांतले दोघं नाराज, हे वजाबाकीने गिळलं.

नंतर त्या 20 जणांचे फॉर्म काढले. 12 जणांनी 6 दिले होते. त्यांत माझा रूममेटही. म्हटलं, "जेवण आवडत नाही का रे?"

"आवडतं की! साठ टक्के, फर्स्ट क्लास दिलाय."

त्या बाराही जणांना तटस्थ धरलं, तर स्कोअर थेट 44. पण एकाच्या उत्तरावरून तसं धरता येत नाही. बाकीच्या 11 जणांना विचारायला उद्या जेवणाच्या वेळी जातोय.